डिस्क गेल्यानंतरचे १३० तास

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओत शुक्रवारी रात्री अकराच्या सुमाराला एक डिस्क गेली. कोपऱ्यातला डबा बीप बीप करायला लागला. शनिवारी एक लग्न होतं, रविवारी दोन. कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायला जो मुलगा आला त्याला वाटलं, यूपीएस ओरडतोय. त्यानं यूपीएसचं बटण दाबून पाहिलं, आवाज काही थांबला नाही, मग दार ओढून घेऊन तो निघून गेला. सोमवारी सकाळी दहा वाजता मालकांचा मला फोन आला. तोवर ५९ तास गेले होते.

त्या डब्यात आठ डिस्क होत्या, प्रत्येकी ८ टीबीच्या, आणि त्यांची मिळून एक रेड ५ अ‍ॅरे केलेली. वापरायला मिळणारी जागा ५६ टीबी. त्यात चार वर्षांची लग्नं. तयार झालेल्या फिल्म गिऱ्हाइकांकडे पोचलेल्या होत्या, पण कच्चं चित्रीकरण फक्त इथंच होतं. नवी डिस्क मागवली, ती बुधवारी दुपारी तीनला आली. म्हणजे आणखी ५३ तास. मी ती खाचेत सरकवली, अ‍ॅरेत घातली आणि रिबिल्ड सुरू झालं. तासाभरानं `/proc/mdstat` उघडून पाहिलं तर असं दिसत होतं :

```
[8/7] [UU_UUUUU]
[=>...................]  recovery =  7.4% (578214912/7813894144) finish=842.3min speed=143160K/sec
```

आठपैकी सात डिस्क चालू; प्रत्येक चालू डिस्कला एक `U`, आणि गेलेल्या डिस्कच्या जागी नुसती रेघ. उरलेला वेळ ८४२ मिनिटं, म्हणजे चौदा तास. त्या आकड्यावर माझा कधीच फार विश्वास नसतो, कारण डिस्क बाहेरच्या कडेला वेगानं वाचते आणि आत सरकेल तशी मंदावते. शिवाय संध्याकाळी तीन एडिटर त्याच डब्यावर काम करत होते. गुरुवारी सकाळी नऊ वाजता, अठरा तासांनी, रिबिल्ड ७१ टक्क्यांवर असताना सहाव्या डिस्कवर वाचनाचा दोष आला. त्या जुन्या डब्यानं ती डिस्कही खराब ठरवून बाहेर काढली, आणि अ‍ॅरे पडली. ५६ टीबी दिसेनासे झाले.

मालक म्हणाले, "अहो, खराब डिस्क काढली, नवी टाकली. मग आता दुसरीच कशी गेली? एवढा योगायोग?"

योगायोग नव्हता, पण ते समजायला रेड ५ काय करते हे आधी पाहावं लागेल. वाण्याच्या यादीत सात वस्तूंचे भाव आहेत आणि खाली एकूण बेरीज आहे. एका भावावर तेल सांडून आकडा पुसला गेला तरी हरकत नाही; बेरजेतून बाकीचे सहा वजा केले की पुसलेला आकडा मिळतो. रेड ५ मध्ये हेच चालतं, फक्त बेरजेऐवजी एक्सॉर नावाची क्रिया असते आणि त्या ‘बेरजे’ला पॅरिटी म्हणतात. पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता आठही डिस्कवर आळीपाळीनं वाटलेली असते. कुठलीही एक डिस्क गेली तरी प्रत्येक ओळीतला एकच आकडा पुसला जातो, आणि तो काढता येतो.

पण तो काढायला उरलेले सगळेच्या सगळे आकडे लागतात. आठ टीबीची नवी डिस्क भरायची तर उरलेल्या सात डिस्कचा पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो. सात गुणिले आठ, ५६ टीबी. अशा रेडला फाइली कळत नाहीत, तिला फक्त सेक्टर कळतात, त्यामुळे डबा अर्धा रिकामा असला तरी ती रिकामी जागाही इमानानं वाचून काढते. (झेडएफएससारखी फाइल सिस्टिम फक्त भरलेला भाग वाचते, तो तिचा मोठा फायदा.) आणि या वाचनाच्या वेळी ओळीतला एक आकडा आधीच पुसलेला असतो. त्यात दुसरा एक आकडा वाचता आला नाही, की त्या ओळीपुरतं गणित सुटत नाही.

एरवीही डिस्कवरचे सेक्टर अधूनमधून वाचता येईनासे होतात, पण तेव्हा अ‍ॅरे मुकाट्यानं उरलेल्या डिस्कवरून तो मजकूर काढते, त्याच जागी पुन्हा लिहिते आणि पुढे जाते. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोडक्या अ‍ॅरेला ही सोय नसते. नेमक्या त्याच वेळी आपण तिच्याकडून तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक वाचन करून घेतो.

ही कल्पना निघाली तेव्हा हे वाचन लांबलचक नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडवरचा आपला प्रसिद्ध लेख मांडला. त्यात त्यांनी जी छोटी स्वस्त डिस्क डोळ्यांसमोर ठेवली होती ती सुमारे १०० एमबीची होती आणि सेकंदाला साधारण १ एमबी वाचायची. म्हणजे अख्खी डिस्क वाचून व्हायला शंभरेक सेकंद. चहा गाळेपर्यंत काम झालं. आजची ८ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबीच्या वेगानं वाचली तरी पंधरा तास घेते, आणि तेही दुसरं कुणी तिला हात लावत नसेल तर. साठवण ८० हजार पटींनी वाढली, वेग दीडशे पटींनी. डिस्क मोठी होत गेली तसं रिबिल्ड लांबत गेलं, याचं मूळ एवढ्या एका विषमतेत आहे. त्यात डब्यावर काम चालू राहिलं की लिनक्स मुद्दाम रिबिल्डचा वेग कमी करतं, माणसांना अडचण नको म्हणून. हा वेग सेकंदाला ३० एमबीवर आला तर तेच काम तीन दिवसांवर जातं.

आता त्या न वाचता येणाऱ्या सेक्टरकडे येऊ, कारण इथं बरीच भीती चुकीच्या गणितावर उभी आहे. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचले तर त्यात जास्तीत जास्त एखादा दोष येईल. हे बिट म्हणजे साडेबारा टीबी. आपल्याला वाचायचेत ५६ टीबी. सरळ गणित केलं तर चार-साडेचार दोष येणारच, आणि रिबिल्ड निर्विघ्न पार पडण्याची शक्यता उरते शंभरात एक. रेड ५ आता संपली, असं म्हणणारे बहुतेक लेख याच गणितावर लिहिलेले आहेत. पण ते खरं असतं तर याच आकाराच्या धडधाकट अ‍ॅरे दर महिन्याला पूर्ण वाचून तपासतात, त्या प्रत्येक तपासणीत चार-पाच दोष सापडायला हवे होते. तसं होत नाही. माहितीपत्रकातला आकडा ही कंपनीनं स्वतःवर घालून घेतलेली वरची मर्यादा आहे, रोजचा अनुभव नाही.

खरे दोष पावसासारखे सगळीकडे सारखे पडत नाहीत. बहुतेक डिस्कवर एकही नसतो, आणि काही थोड्या डिस्कवर घोळक्यानं असतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्क ३२ महिने पाहिल्या होत्या, त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कवर असा एक तरी सुप्त दोष निघाला. सुप्त म्हणजे, सेक्टर खराब झालेला आहे पण तो कुणी वाचायला गेलेलं नाही, म्हणून कळलेला नाही. आपल्या सात डिस्कना हे प्रमाण लावलं तर त्यांतली एक तरी अशी निघण्याची शक्यता साधारण पाचात एक येते. शंभरात नव्व्याण्णव अपयश नव्हे, पण चार वर्षांचं काम पणाला लावण्याइतकी ती छोटीही नाही. शिवाय हे गणित डिस्क एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून केलंय. आमच्या आठही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या होत्या आणि एकाच डब्यात, एकाच उकाड्यात तितकेच तास फिरल्या होत्या. त्याच २००७ मध्ये बियांका श्रोडर यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून दाखवलं की एकीची वेळ आली की दुसरीची येण्याची शक्यता वाढलेली असते. त्या अभ्यासात त्यांच्या जोडीला होते गार्थ गिब्सन; १९८८ च्या लेखातले तेच.

तर आमची सहावी डिस्क. `smartctl` नं तिची नोंद काढली तेव्हा `Current_Pending_Sector` पुढे २४ आकडा होता. ही मोजणी ५१२ बाइटच्या हिशोबात होती आणि डिस्कवरचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा, म्हणजे प्रत्यक्षात तीन सेक्टर. एकूण १२ केबी. आठ टीबीमधल्या बारा किलोबाइटनी ५६ टीबी खाली आणले होते. आणि ते सेक्टर गुरुवारी सकाळी खराब झाले असं मानायला काही आधार नाही. त्या जागी दोन-तीन वर्षांपूर्वीची लग्नं होती, जी उतरवल्यावर कुणी पुन्हा उघडली नव्हती. दोष तिथं कधीचा बसून होता. रिबिल्डनं तो फक्त गाठला.

अशा वेळी घाईनं नवी अ‍ॅरे बनवायचं बटण दाबणं, हा डेटा कायमचा घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आम्ही डबा बंद केला, आणखी एक डिस्क मागवली आणि सहाव्या डिस्कची दुसऱ्या मशीनवर सेक्टर-सेक्टर नक्कल काढली :

```
ddrescue -f -d -r3 /dev/sdf /dev/sdj rescue.map
```

हा प्रोग्रॅम अडलेल्या जागेवर अडून बसत नाही. ती सोडून पुढे जातो, आधी जे सुखासुखी मिळतंय ते सगळं घेतो आणि मग अडलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. दीड दिवस लागला. १२ केबी सोडून सगळं आलं. सहा चांगल्या डिस्क आणि ही नक्कल मिळून `mdadm --assemble --force` नं अ‍ॅरे उभी राहिली, आणि मग बदलीच्या डिस्कवर दुसरं रिबिल्ड, या वेळी एडिटरांना घरी पाठवून. शेवटी एका मेंदीच्या कार्यक्रमाच्या क्लिपमध्ये क्षणभर चित्र फाटतं, एवढंच नुकसान सापडलं. आम्ही सुटलो.

मालकांचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. हॉट स्पेअर असतं तर?

हॉट स्पेअर म्हणजे स्टेपनी, पण डिकीत पडलेली नव्हे. डब्याच्या खाचेत बसवलेली, वीज मिळत असलेली, अ‍ॅरेला माहीत असलेली, पण एरवी काहीही काम नसलेली डिस्क. कपाटात खोक्यात ठेवलेली जादा डिस्क ही खरी डिकीतली स्टेपनी. ती लावायला माणूस उतरावा लागतो. हॉट स्पेअरमध्ये टायर फुटल्याक्षणी चाक आपलं आपण बदललं जातं. लिनक्सवर ती करायला वेगळं काही लागत नाही. अ‍ॅरेत सगळ्या डिस्क हजर असताना `mdadm --add` नं आणखी एक घातली की ती स्पेअर म्हणून बसते आणि `mdstat` मध्ये तिच्यापुढे `(S)` दिसतं. आकारानं मात्र ती बाकीच्यांइतकी किंवा मोठी हवी. आठ टीबीच्या जागी सहाची स्टेपनी चालत नाही.

आमच्या १३० तासांकडे पुन्हा पाहिलं तर तिचा फायदा लगेच दिसतो. त्यांतले ५९ तास कुणाला कळण्यात गेले आणि ५३ डिस्क येण्यात. हे ११२ तास अ‍ॅरे नुसती मोडकी पडून होती, आणि त्यात दुसरी एखादी डिस्क पूर्ण बसली असती तर `ddrescue` लाही करण्यासारखं फारसं उरलं नसतं. हॉट स्पेअरनं हे ११२ तास जवळजवळ शून्यावर आले असते. शुक्रवारी रात्री अकराला डिस्क गेली, अकरा वाजून काही मिनिटांनी रिबिल्ड सुरू, आणि रात्रभर एडिटर नसल्यानं ते पूर्ण वेगात.

पण ते सेक्टर? ते तिथंच होते. हॉट स्पेअर असतं तर अ‍ॅरे गुरुवारी सकाळऐवजी शनिवारी सकाळी पडली असती, एवढाच फरक. स्पेअर वाट पाहण्याचा काळ खाऊन टाकतं, वाचण्याचा काळ तेवढाच राहतो. विकणारे हा फरक सांगत नाहीत, आणि घेणाराही विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. डिस्क गेल्यावर माणूस हजर असेल तर त्याच्या हातात एक निवड असते : आधी सगळ्यात महत्त्वाचं, या महिन्यातलं दीड-दोन टीबी बाहेर काढून घ्यायचं आणि मगच ५६ टीबीच्या वाचनाला हात घालायचा. हॉट स्पेअर ही निवड माणसाकडून काढून घेतं. शिवाय डिस्क खरंच गेली की नुसती केबल सैल झाली, हेही ते पाहत नाही. घरगुती डिस्क एखादा खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडत बसतात. लिनक्स मात्र ठरलेल्या ३० सेकंदांनंतर धीर सोडतं आणि तेवढ्यावरून कधीकधी धडधाकट डिस्क बाहेर फेकली जाते. मग स्पेअर धावून येतं आणि नको असलेलं रिबिल्ड सुरू होतं. म्हणून अशा डब्यांसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात. त्या चार पैसे महाग असतात, पण त्या पैशांत हे शहाणपण येतं.

स्टेपनीचं सर्वांना माहीत असलेलं दुखणं म्हणजे गरज पडते तेव्हा तिच्यातच हवा नसते. हॉट स्पेअरचंही तसंच. वर्ष-वर्ष ती नुसती फिरत असते, तिच्यावर कुणी काही लिहीत नाही, वाचत नाही. महिन्यातून एकदा `smartctl -t long` नं तिची पूर्ण पाहणी करून घेतली नाही, तर ती चांगली आहे हे आपण नुसतं गृहीत धरलेलं असतं.

आमच्या त्या डब्याला खरं काय हवं होतं, तर महिन्यातून एक स्क्रब. म्हणजे अ‍ॅरे धडधाकट असताना तिला अथपासून इतिपर्यंत वाचायला लावणं :

```
echo check > /sys/block/md0/md/sync_action
```

वाचताना खराब सेक्टर लागला तर त्या वेळी पॅरिटी हाताशी असते. मजकूर काढून तो पुन्हा लिहिला जातो आणि डिस्क ती जागा बदलून टाकते. डेबियनवर ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लावलेली असते. आमच्या डब्यात ती सोय होती, पण कुणी ती चालू केलेली नव्हती. एका तरी स्क्रबनं ते १२ केबी आधीच सापडले असते.

मालक म्हणाले, नव्यानं मांडताना आठातली एक डिस्क हॉट स्पेअर ठेवू या. मी कागदावर मांडून दाखवलं. आठ खाचांत सात डिस्कची रेड ५ आणि एक स्पेअर, वापरायला ४८ टीबी. त्याच आठ डिस्कची रेड ६, वापरायला तेही ४८ टीबी. जागा तीच, पैसे तेच. रेड ६ मध्ये वाण्याच्या यादीखाली एक नव्हे, दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या बेरजा असतात, त्यामुळे दोन आकडे पुसले तरी दोन्ही काढता येतात. म्हणजे आठवी डिस्क मोकळी बसून वाट पाहण्याऐवजी पहिल्या दिवसापासून कामाला लागलेली असते. एक डिस्क गेल्यावर रिबिल्ड चालू असताना खराब सेक्टर लागला तरी दुसरी बेरीज उरलेली असते. आठ खाचाच असतील तर माझं मत निःशंकपणे रेड ६ ला. हॉट स्पेअर त्यानंतर, नववी खाच असली तर. मोठ्या कार्यालयांत चोवीस खाचांच्या डब्यात तीन अ‍ॅरे असतात आणि तिघींत मिळून एक-दोन स्पेअर. तिथं ती चैन परवडते आणि शोभतेही.

त्यांनी नववी खाच असलेला डबा घेतला. आता रेड ६, एक स्पेअर, पहिल्या रविवारी स्क्रब, आणि डिस्क कुरकुरली की मालकांच्या आणि माझ्या फोनवर मेल. मागच्या पावसाळ्यात स्क्रबनंतर तिसऱ्या डिस्कचे बदललेले सेक्टर आठ होते, पुढच्या महिन्यात चाळीस. डिस्क मरायची वाट न पाहता आम्ही एकच ओळ लिहिली :

```
mdadm /dev/md0 --replace /dev/sdc --with /dev/sdi
```

यात जुनी डिस्क अ‍ॅरेतच राहते आणि तिच्यावरचा मजकूर सरळ स्पेअरवर उतरतो. एखादा सेक्टर अडला तर तेवढ्यापुरता पॅरिटीतून काढला जातो. नक्कल पूर्ण होईपर्यंत एकाही बेरजेला धक्का लागत नाही. सतरा तास लागले, `mdstat` मध्ये सगळे `U` शेवटपर्यंत जागेवर होते, आणि एडिटर त्याच डब्यावर एका मुंजीचं काम करत होते. तिसरी डिस्क बाहेर काढून मी तिच्यावर मार्करनं तारीख घातली. रिकाम्या झालेल्या खाचेत नवी डिस्क त्याच दिवशी गेली. ती आधीच मागवून ठेवलेली होती, यूपीएसच्या शेजारच्या कपाटात.